मदत हवी आहे: डीओ लावताना ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, अरेस्टर तापतो

आमच्या सोसायटीचा ३१५ केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर पोलपासून ३०० मीटर एक्सएलपीई केबलवर आहे. पोलवर फक्त डीओ फ्यूज, एबी स्विच नाही. एलटी ब्रेकर उघडा ठेवून पहिला डीओ लावला की ट्रान्सफॉर्मर जोरात गुरगुरतो आणि न जोडलेल्या फेजचा अरेस्टर तापतो. तिसरा डीओ बसताच सगळं शांत.

मला हा फेरोरेझोनन्स वाटतो. उघड्या फेजला केबलच्या कपॅसिटन्समधून आणि डेल्टा वाइंडिंगमधून वाट मिळते. केबल ०.३ मायक्रोफॅरॅड प्रति किमी धरली तर रिअॅक्टन्स सुमारे ३५ किलोओहम येतो; नो-लोड करंट १ टक्का धरला तर मॅग्नेटायझिंगचाही सुमारे ३८. कोअर सॅच्युरेट होत असल्याने आकडे तंतोतंत जुळायचीही गरज नसते.

एबी स्विच बसवून, डीओ आधी लावून तिन्ही फेज एकदम चालू करायचा विचार आहे. पण पुढे एखादाच फ्यूज उडाला आणि लोड नगण्य असेल तर धोका उरतोच ना? एलटीवर १५ किलोवॅटचा हीटर लोड कायम ठेवणं पुरेल, की ट्रान्सफॉर्मरजवळ तिन्ही पोल एकत्र ट्रिप करणारा आरएमयूच हवा? तापलेला अरेस्टर बदलावा का? प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया सांगा.