शब्दचर्चा: ‘चलन गुणांक’ म्हणावं की ‘विचरण गुणांक’? आणि तो तापमानाला लावावा का?

मृणाल
नमस्कार मंडळी. एका गावाच्या पाणलोट कामाचा इंग्रजी अहवाल मराठीत आणते आहे. तो ग्रामसभेत वाचला जाणार आहे. त्यात ‘कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन’ वारंवार येतं. एका जुन्या अनुवादात त्याला ‘चलन गुणांक’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘विचरण गुणांक’. कुठला घ्यावा?

शब्द ज्या वाक्यात बसवायचा आहे तेही देते. अहवालात समजावण्यासाठी पाच वर्षांचे गोल केलेले आकडे घेतलेत. पाऊस ३५०, ४५०, ५००, ५५०, ६५० मिमी. मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३८.५, ३९.५, ४०, ४०.५, ४१.५ अंश सेल्सिअस. पावसाचा गुणांक २० टक्के निघतो, तापमानाचा अडीच टक्के. म्हणून ‘इथला पाऊस तापमानाच्या आठपट लहरी आहे’ असं वाक्य आहे. हे वाक्य मला खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाही.

वामनराव
चलन म्हणजे नाणं-नोटा. ‘चलन गुणांक’ वाचल्यावर मला रुपयाच्या किमतीचाच काही आकडा वाटला. पाणलोटाच्या अहवालात महागाईचा हिशेब कशाला, असा विचार करत बसलो होतो. आमची चाळीस वर्षं बँकेत गेली, त्यामुळे असेल. पण ग्रामसभेतही निम्मी माणसं असंच समजतील.

चिन्मय
वामनकाका, इथलं ‘चलन’ ‘चल’वरून आलंय, गणितातल्या चलराशीच्या अर्थाने. पण तुमचा गोंधळ मला पटतो. माझं मत ‘विचरण गुणांक’ला. त्यातून हिशेबही आपोआप कळतो: विचरण काढा आणि सरासरीने भागा. मी आत्ताच करून पाहिलं. पावसाची सरासरी ५००. प्रत्येक वर्षाचा फरक −१५०, −५०, ०, ५०, १५०. वर्ग करून बेरीज ५०,०००, पाचाने भागून १०,०००. हे विचरण. त्याला ५०० ने भागलं की २०. अहवालातला आकडा तंतोतंत जुळला.

शैलजाताई
चिन्मय, आकडा जुळला हा निव्वळ योगायोग आहे, आणि अशा योगायोगाने चुकीची रीत डोक्यात पक्की बसते. तुझाच पाऊस सेंटिमीटरमध्ये लिही: ३५, ४५, ५०, ५५, ६५. तुझं विचरण आता १०० आणि सरासरी ५०, म्हणजे उत्तर २. पाऊस तोच, वर्षं तीच, आणि २० चे २ झाले. कारण तुझं उत्तर टक्क्यांत नव्हतंच, ते २० मिलिमीटर होतं.

विचरणाचं वर्गमूळ घे. ते १०० मिमी. हे प्रमाण विचलन. याला ५०० मिमीने भागलं की मिमी वर-खाली कटतात आणि ०.२ उरतात, म्हणजे २० टक्के. सेंटिमीटरमध्ये १० भागिले ५०, तरी ०.२. इंचात मोजलंस तरी तेच. एकक गळून पडणं हाच या गुणांकाचा सारा उपयोग. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये तो मांडला तो मुख्यतः शरीराच्या मोजमापांसाठी. लांबी, वजन अशा राशींमधली विविधता एका मापाने पाहायची होती.

म्हणूनच ‘विचरण गुणांक’ या शब्दाबद्दल माझ्या मनात शंका आहे. ज्याला ‘विचरण’ म्हणजे वर्गांची सरासरी हे ठाऊक आहे तो चिन्मयसारखाच फसणार. काही जण त्या वर्गांच्या सरासरीला ‘प्रचरण’ म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘विचरण’ मोकळा राहतो, मग अडचण नाही. पण वाचणारा कुठल्या परंपरेतून आलाय ते आपल्याला कसं कळणार?

चिन्मय
बरोबर, सेंटिमीटर करून पाहायला हवं होतं. मग ‘विचलन गुणांक’ म्हणूया का? विचलन वर आहे आणि सरासरी खाली.

प्रा. केळकर
‘विचलन गुणांक’ला हरकत एवढीच की विचलनाचे प्रकार अनेक. सरासरी विचलन, चतुर्थक विचलन, या प्रत्येकाचा वेगळा गुणांक असतो आणि आम्ही तो वर्गात शिकवलाही आहे. ‘चलन गुणांक’ वर्गात कधी कोणाला पैशाचा वाटला नाही. संदर्भाने अर्थ ठरतो.

आणि २० टक्के हा आकडाही तपासा. पाच वर्षं म्हणजे नमुना. नमुन्यात पाचाने नाही, चाराने भागायचं. मग प्रमाण विचलन ११२ च्या आसपास आणि गुणांक २२.४ टक्के.

मृणाल
सर, अहवालाच्या फाइलमध्ये हे सूत्र आहे:

```
=STDEV.P(B2:B6)/AVERAGE(B2:B6)
```

प्रा. केळकर
मग त्यांनी पाचानेच भागलंय. `STDEV.S` घातलं की २२.४ येईल. मला चारच योग्य वाटतात.

शैलजाताई
सर, कुठलंही एक घ्या, पण दोन्ही स्तंभांना तेच. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी असतील तर फरक नगण्य होतो. पाचच वर्षांवरून गुणांक काढणंच मुळात कच्चं आहे.

मृणालताई, आता तुमच्या खटकण्याकडे येते. तुमचं बरोबर आहे, ते वाक्य टिकणारं नाही. तापमानाची सरासरी ४० अंश आणि प्रमाण विचलन १ अंश, म्हणून अडीच टक्के. हेच फॅरनहाइटमध्ये करा. सरासरी १०४ होते आणि विचलन १.८. भागाकार १.७ टक्के. आता पाऊस ‘आठपट’ नाही, साडेअकरापट लहरी ठरला. पावसात मिमीचे इंच केले तर काही बदललं नव्हतं. इथे बदललं.

कारण शून्य. शून्य मिमी म्हणजे पाऊस नाही, मग मिमी म्हणा नाहीतर इंच. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे मात्र ‘उष्णता नाही’ असं नव्हे, तो पाणी गोठण्याचा बिंदू. फॅरनहाइटचा शून्य आणखी वेगळ्या जागी. एककाने नुसतं गुणल्यावर गुणांक हलत नाही, पण शून्याची जागा सरकली की सरासरी बदलते, विचलन तेवढं बदलत नाही, आणि भागाकार कोलमडतो. लेहच्या जानेवारीची सरासरी शून्याखाली असते. तिथे गुणांक ऋण येईल. ‘उणे इतके टक्के लहरी’ याला अर्थ काय?

चिन्मय
मग केल्विनमध्ये करूया. तिथे खरा शून्य आहे.

शैलजाताई
करता येतं आणि गणित चुकत नाही. ४० अंश म्हणजे ३१३.१५ केल्विन. १ भागिले ३१३, म्हणजे ०.३२ टक्के. आता पाऊस बासष्टपट लहरी! पण पिकाला निरपेक्ष शून्यापासून किती वर आहोत याच्याशी देणंघेणं नसतं. फुलोऱ्यात एका अंशाने काय बिघडतं ते महत्त्वाचं, आणि तो एक अंश ०.३२ टक्क्यात दिसेनासा होतो. तापमानाचा पसारा अंशांतच सांगावा: ‘मे महिना सरासरीपासून साधारण एक अंश इकडेतिकडे होतो.’

भास्करराव, माण
ताई, मी तुमच्यासारखा शिकलेला नाही, पण विहिरीच्या नोंदी दरसाल ठेवतो. विहीर पन्नास फूट. कठड्यापासून दोर सोडून मे अखेरीस पाणी किती खोल ते लिहितो. पाच सालांचं ३७, ३९, ४०, ४१, ४३ फूट. नातवाने तुमच्या रीतीने हिशेब केला, पाच टक्के आले. पाऊस वीस टक्के आणि विहीर पाचच टक्के? म्हणजे माझी विहीर पावसाला जुमानतच नाही म्हणायची. मला तर दर उन्हाळ्यात धाकधूक असते.

शैलजाताई
भास्करराव, तुमची धाकधूक खरी आहे, पाच टक्के फसवे आहेत. तुमचा दोर कठड्यापासून मोजतो, म्हणजे शून्य कठड्यावर आहे. कठडा दोन फूट उंच बांधला असता तर सगळे आकडे दोनने वाढले असते आणि विहीर आणखी ‘स्थिर’ दिसली असती. आता तळापासून उभं पाणी मोजा. पन्नासातून वजा केलं की १३, ११, १०, ९, ७ फूट. सरासरी १०. वर-खाली होणं तेच, २ फूट. पण आता २ भागिले १०, म्हणजे वीस टक्के. तुमच्या या आकड्यांत विहीर पावसाइतकीच हलते. इथे शून्य म्हणजे पाणी संपलं, तोच तुमच्या कामाचा शून्य.

भास्करराव, माण
आता जुळलं. सात फुटांचं साल मला चांगलं आठवतं, ढोरं छावणीला नेली होती.

प्रा. केळकर
उदाहरण उत्तम. मूळ अहवालात पाऊस आणि ज्वारीचं उत्पादन घ्यायला हवं होतं. मिमी आणि क्विंटल, एककं वेगळी पण दोन्हींना खरा शून्य.

पण शैलजाताई, हवामानाच्या तक्त्यांत पाऊस आणि तापमान शेजारी ठेवतातच की. प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक विचलनाने भागतात.

शैलजाताई
हो सर, आणि तिथे सेल्सिअस-फॅरनहाइटचा त्रास नाही, कारण फरक घेताना शून्य गळतो. ३५० मिमीचं वर्ष दीड विचलन खाली, ४१.५ अंशांचं वर्षही दीड विचलन वर. म्हणजे दोन्ही सारखीच विलक्षण. ‘हे वर्ष किती वेगळं’ याचं उत्तर ते. ‘कोण जास्त लहरी’ याचं नाही, कारण असं भागल्यावर दोन्ही स्तंभांचा पसारा १ च होतो.

पावसालाही हा गुणांक जपून लावावा. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी १९७१ ते २०२० च्या नोंदींवरून ८७ सेंमी आणि गुणांक दहा टक्क्यांच्या आसपास. एका तालुक्याचा त्याहून बराच जास्त असतो, कारण देशाच्या बेरजेत इथली तूट तिथल्या अतिवृष्टीने भरून निघते. त्यामुळे तालुक्याच्या वीस टक्क्यांशेजारी देशाचे दहा ठेवून गावाला लहरी ठरवू नये.

कोरड्या महिन्यांत तर आणखीच. पाच वर्षांत एप्रिलचा पाऊस ०, ०, ०, ०, २५ मिमी असेल तर गुणांक २०० टक्के. २५ च्या जागी २५० घाला, तरी २०० च. वळीव शिंतडून गेला की ओढ्याला पूर आला, आकड्याला काही पत्ता नाही. तिथे ‘पाचापैकी एका साली पाऊस’ असं लिहावं.

वामनराव
हे सगळं वाचल्यावर माझी सूचना: ग्रामसभेत ‘गुणांक’ शब्दच नको. ‘पाऊस सरासरीच्या साधारण वीस टक्के वर-खाली होतो’ म्हणा. सगळ्यांना कळेल.

प्रा. केळकर
वाक्यात ठीक. पण तक्त्याच्या मथळ्यात काय लिहिणार? संज्ञा लागतेच. मी ‘चलन गुणांक’वर ठाम आहे.

शैलजाताई
मी मथळ्यात ‘विचरण गुणांक (प्रमाण विचलन ÷ सरासरी, टक्के)’ लिहिलं असतं. सूत्र शेजारी असलं की चिन्मयसारखी चूक होत नाही.

मृणाल
मजकुरात वामनकाकांचं वाक्य घेते. तापमान वेगळ्या ओळीत, अंशांत. ‘आठपट’ काढायचं असं मूळ लेखकाला कळवते, कारण इंग्रजीतही ते चुकलंच आहे. मथळ्याचं अजून ठरत नाही, दोन्ही शब्द संपादकांसमोर ठेवते.

भास्करराव, माण
एक राहिलं. यंदा गाळ काढला, तळ दोन फूट खाली गेला. आता मागच्या सालांचं पाणी पन्नासातून वजा करायचं की बावन्नातून?

शैलजाताई
मागच्या सालांचं पन्नासातूनच, तेव्हा तळ तिथेच होता. पुढच्यांचं बावन्नातून. आणि वहीत त्या जागी एक आडवी रेघ मारून ‘गाळ काढला’ लिहा. रेघेच्या वरचे आणि खालचे आकडे एका गुणांकात घालावेत का, याबद्दल माझंही मन अजून पक्कं होत नाही. केळकर सर, तुम्ही काय केलं असतं?