ऑर्डर लांबली आहे : ग्राहकांना नवी तारीख द्यावी की मोघम कळवावे?

सुभाषनगरचा कारखानदार :
आमचा कोल्हापुरी चपलांचा छोटा कारखाना असून विक्री बहुतांशी स्वतःच्या संकेतस्थळावरून होते. ५ ऑगस्टपर्यंत पोहोचवू असे सांगून घेतलेले ६४ जोड पावसामुळे अडकले आहेत आणि त्यांचे पैसे आगाऊ जमा झालेले आहेत. आज १ ऑगस्ट. ग्राहकांना पाठवण्यासाठी असा मजकूर केला आहे : 'काही अपरिहार्य कारणांमुळे आपली ऑर्डर थोडी लांबणार आहे. लवकरच पाठवू. अंशतः परतावा हवा असल्यास कळवावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' तारीख मुळीच देऊ नये, असे धाकट्या भावाचे मत आहे. जाणकारांनी आपले म्हणणे सांगावे.

महाद्वारचा व्यापारी :
तुमचे बंधू योग्य तेच सांगत आहेत. तारीख लिहून दिली की ती आपल्याच गळ्यात पडते, आणि कोल्हापुरात ऑगस्टमध्ये ऊन कधी पडेल याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. परताव्याचे वाक्य तर काढूनच टाकावे, कारण ज्याच्या मनात नाही त्यालाही आपण मागायला शिकवतो. त्याऐवजी पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचे कूपन द्यावे, म्हणजे ग्राहकही खूश राहतो आणि पैसाही घरातच राहतो. पाऊस ही दैवी आपत्ती आहे, त्यामुळे कायद्यानेही कोणी आपल्यावर बोट ठेवू शकत नाही.

तक्रार विभागात वीस वर्षे :
व्यापारी साहेबांचा अनुभव मोठा आहे, पण तो समोरासमोरच्या गिऱ्हाइकाचा आहे. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला 'येईल हो, चार दिवसांत' असे सांगून चालते, कारण त्याला दुकान दिसते आणि आपला चेहरा दिसतो. ज्याने नागपुरात किंवा ठाण्यात बसून आगाऊ पैसे भरले आहेत, त्याला 'काही अपरिहार्य कारणांमुळे' हे शब्द दिसले की पहिली शंका येते ती पैसे बुडाल्याची.

म्हणून कारण नेमके लिहावे, आणि तुमचे कारण तर सांगण्यासारखे आहे. चामडे भिजवून ठोकावे लागते, तळाचे थर शिवल्यावर ते आतपर्यंत सुकावे लागतात, आणि या हवेत ते सुकत नाहीत. वरून कोरडा दिसणारा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून धाडला, तर खोका उघडेपर्यंत चपलेच्या बाजूच्या कानांच्या शिवणीत पांढरी बुरशी धरलेली असते. ग्राहकाला हे दोन वाक्यांत कळले, तर उशीर आपण त्याच्या मालासाठी करतो आहोत हे त्याला पटते.

आता तारखेविषयी. 'पाठवण्याची' आणि 'पोहोचण्याची' अशा दोन वेगळ्या तारखा असतात, आणि निम्म्या तक्रारी त्यांच्या घोटाळ्यातून येतात. ग्राहकाला दुसरीच हवी असते. ती अंदाजाने न टाकता उलट्या हिशेबाने काढावी : या दमट हवेत कारखान्यातून दिवसाला खरोखर किती जोड सुकून बाहेर पडतात?

सुभाषनगरचा कारखानदार :
एरवी दहा-बारा निघतात. सध्या पंखे आणि हॅलोजनचे दिवे लावून सहा निघतात. त्यापेक्षा जास्त रेटले तर तळ वाकडे होतात.

तक्रार विभागात वीस वर्षे :
मग ६४ जोडांना अकरा कामाचे दिवस लागतील. मधले रविवार वगळले, तर शेवटचा जोड साधारण १४ तारखेपर्यंत तयार होईल आणि १५ ऑगस्टची सुट्टी सोडून १६ च्या आसपास निघेल. कुरिअरचे लांबच्या गावांसाठी पाच-सहा दिवस धरले तर २२ तारीख येते, आणि एक-दोन दिवस वीज गेली किंवा गाडी चुकली असे गृहीत धरून '२५ ऑगस्टपर्यंत आपल्या हाती' असे लिहावे. आतल्या आत शेवटचा जोड १८ पर्यंत धाडण्याचे उद्दिष्ट ठेवायला हरकत नाही, परंतु ते ग्राहकाला सांगू नये. पहिला उशीर बहुतेक लोक सोसतात. दुसऱ्यांदा बदललेली तारीख कोणीच सोसत नाही. आणि हा संदेश आजच गेला पाहिजे. ५ तारीख उलटल्यावर गेलेला खुलासा बहाण्यासारखा वाचला जातो.

कायद्याबद्दल व्यापारी साहेब अर्धे बरोबर आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोहोचला, तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तर मात्र सूट आहे. आता दरवर्षी येणाऱ्या पावसाला आपत्ती म्हणायचे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

महाद्वारचा व्यापारी :
२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरू महामार्गावर पाणी आले होते आणि वाहतूक बंद होती. त्याला आपत्ती नाही तर काय म्हणायचे?

तक्रार विभागात वीस वर्षे :
त्याला निःसंशय आपत्तीच म्हणावे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि रस्ता बंद झाला, तर तसे संदेशात लिहावे आणि रस्ता खुला झाल्यावर तारीख देऊ असेही लिहावे. तिथे मोघमपणा क्षम्य आहे. पण यांचा माल रस्त्यात अडकलेला नसून कारखान्यात ओला आहे, आणि जुलैत ऑर्डरी घेताना पाऊस येणार हे ठाऊक होते. पुराचे कारण इथे जोडले, तर पुण्यातला ग्राहक बातम्या पाहून लगेच विचारील की महामार्ग तर चालू आहे.

इचलकरंजीकर ताई :
प्रश्न परताव्याचा आहे म्हणून माझा अनुभव सांगते. मागच्या वर्षी एका ठिकाणी मागवलेल्या साड्या लांबल्या आणि 'परताव्यासाठी येथे क्लिक करा' असा संदेश आला. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला, त्याला माझी ऑर्डर ठाऊक होती, आणि पैसे जमा करण्यासाठी यूपीआय पिन टाका म्हणाला. मी टाकला नाही, पण शेजारच्या वहिनींनी टाकला असता. तेव्हापासून परताव्याची लिंक दिसली की मी संदेशच पुसून टाकते. कुरिअरवाले तर फोनच उचलत नाहीत, त्यांचे काय करायचे तेही कोणी सांगावे.

तक्रार विभागात वीस वर्षे :
ताई, कुरिअरचा विषय निराळा आहे, पण पहिला मुद्दा या मजकुरात घेतलाच पाहिजे. परताव्याच्या संदेशात लिंक देऊच नये. ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे आले त्यावरच ते परत जातील, आपल्याला कोणतीही माहिती किंवा पिन विचारला जाणार नाही, असे एक वाक्य स्पष्ट असावे. पैसे स्वीकारायला पिन लागतच नाही. उत्तर देण्यासाठी '१', '२' किंवा '३' एवढाच अंक परत पाठवायला सांगावे.

कूपनही याच संदेशात नको. एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्यात सवलतीची जाहिरात आली की तो सेवेचा संदेश न राहता प्रचाराचा ठरतो. मग जाहिराती नकोत म्हणून ज्यांनी डीएनडी नोंदवले आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक संदेशांतही अशीच वर्गवारी आहे. म्हणजे कूपनापायी उशिराची खबरच अडकायची.

सुभाषनगरचा कारखानदार :
तीन पर्याय कोणते द्यावेत? शिवाय एक अडचण आहे. काही ऑर्डरींत दोन जोड आहेत, त्यातला एक तयार आहे. उदाहरणार्थ, एकीने १,८५० चा साधा जोड आणि २,४५० चा वेणीचा कापशी जोड घेतला, १० टक्के सवलतीचे कूपन लावले, आणि ३,००० च्या वरची खरेदी म्हणून टपालखर्च माफ झाला. साधा जोड तयार आहे. तिने कापशीचे पैसे मागितले तर किती द्यायचे?

महाद्वारचा व्यापारी :
त्यात विचारण्यासारखे काय आहे? राहिलेली खरेदी ३,००० च्या खाली आली, म्हणजे टपालखर्च कापायचा आणि कूपनही रद्द. सगळेच असे करतात.

तक्रार विभागात वीस वर्षे :
ग्राहकाने स्वतःहून जोड रद्द केला असता तर तसे म्हणता आले असते. इथे माल आपण देऊ शकलो नाही, तेव्हा अटी मोडल्याचा दंड तिला लावता येत नाही. दोन्ही जोडांची किंमत ४,३००, सवलत वजा जाता तिने भरले ३,८७०. कापशीच्या २,४५० मधून त्याच्या वाट्याची सवलत २४५ वजा केली की परतावा २,२०५ होतो आणि साध्या जोडाचे आपल्याकडे १,६६५ राहतात. २,४५० परत केले तर सवलतीचेही पैसे आपण खिशातून देतो. टपालखर्च कापला तर एवढ्याशा रकमेपायी तक्रार ओढवून घेतो. ही २,२०५ ची संख्या तिच्या संदेशात छापूनच जावी. 'अंशतः परतावा' एवढेच लिहिले तर ग्राहक पूर्ण रकमेची आशा धरतो आणि विक्रेता शंभर रुपयांची. बिल अजून फाडले नसेल तर कमी रकमेचे बिल करावे; फाडले असेल तर हिशेबनिसाला क्रेडिट नोट करायला सांगावे.

तेव्हा मजकूर साधारण असा होईल :

'आपल्या ऑर्डरीतील कापशी जोड ५ ऑगस्टला पोहोचणार नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पावसाळी हवेत तळ आतून सुकलेला नाही आणि ओला जोड पाठवल्यास त्याला बुरशी लागेल. साधा जोड तयार असून उद्या निघेल. कापशी जोड २५ ऑगस्टपर्यंत आपल्या हाती येईल. थांबणार असल्यास १ पाठवावे. प्रतीक्षेबद्दल १५० रुपये परत करू. फक्त कापशी रद्द करावयाचा असल्यास २ पाठवावे. २,२०५ रुपये परत मिळतील. संपूर्ण ऑर्डर रद्द करावयाची असल्यास आजच ३ पाठवावे. ३,८७० रुपये परत मिळतील. रक्कम मूळ खात्यावर सात कामाच्या दिवसांत जमा होईल. आम्ही कधीही पिन विचारत नाही.'

निर्यातीचा माल पाठवणारा :
मजकूर उत्तम आहे, पण ज्याने काहीच उत्तर दिले नाही त्याचे काय? आमचे काही ग्राहक अमेरिकेत आहेत. तिथल्या व्यापार आयोगाच्या नियमाप्रमाणे नवी तारीख मूळ तारखेपासून ३० दिवसांच्या आत असेल, तर ग्राहकाचे मौन ही संमती धरता येते. त्याहून लांबची तारीख असेल, किंवा तारीख सांगताच येत नसेल, तर त्याचा स्पष्ट होकार हवा, नाहीतर पैसे परत. आम्ही हीच रीत इथल्या ग्राहकांनाही लावली आहे. ५ ते २५ म्हणजे वीस दिवस, तेव्हा यांना मौन म्हणजे '१' असे धरता येईल, मात्र ते संदेशातच लिहिलेले असावे.

तक्रार विभागात वीस वर्षे :
मला हे पटत नाही. आपल्याकडे एसएमएस न वाचणारी माणसे पुष्कळ आहेत. गप्प राहिलेल्यांना तिसऱ्या दिवशी फोन करावा.

महाद्वारचा व्यापारी :
फोन केला की निम्मे जण रद्दच करतील, लिहून ठेवा. १५० रुपये सुद्धा सर्वांना कशाला? जो कुरकुर करील त्याला द्या.

सुभाषनगरचा कारखानदार :
कुरकुर करणाऱ्यालाच पैसे दिले आणि शांत बसलेल्याला दिले नाहीत, हे दोन ग्राहक एकाच घरातले निघाले तर आमची पंचाईत होईल, कारण आमच्याकडे तसे बरेच आहेत. म्हणून १५० सर्वांना देतो. तारीख २५ ठेवतो. मजकूर मंजुरीला दोन दिवस गेले तर उशीर होईल, म्हणून आज ईमेल आणि व्हॉट्सॲपने पाठवून एसएमएस मागाहून पाठवतो. मौनाचा प्रश्न मात्र भावाशी बोलून ठरवीन. फोन करायला आमच्याकडे माणूस एकच आहे, आणि सध्या तोही तळ ठोकायला बसला आहे.