वाकलेला स्तंभ आणि सुरक्षा गुणांक

«अर्ध्या बकलिंग भाराला ताण १०१ MPa येतो, यील्ड २५० MPa. म्हणजे सुरक्षा गुणांक २.५ धरू का?»

नाही, इथे ताण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. मूळचा बाक a, भार P आणि बकलिंग भार Pcr असेल तर मध्यावरचा एकूण बाक a/(1 − P/Pcr) होतो. म्हणजे भार वाढतो आणि त्याची भुजाही वाढते.

दोन्ही टोकांना पिन असलेला, ५० × ५० मिमी चौरस, २ मी. लांबीचा पोलादी स्तंभ घ्या. E २०० GPa धरला तर Pcr सुमारे २५७ kN. मूळ बाक ४ मिमी.

अर्ध्या भाराला बाक ८ मिमी होतो: थेट ताण ५१.४ आणि वाकण्याचा ४९.३, मिळून तुमचे सुमारे १०१ MPa. पाऊणपट भाराला बाक १६ मिमी, ताण २२५. भार दीडपट, ताण सव्वादोनपट! यील्ड येते साधारण ०.७७५ Pcr ला, म्हणजे १९९ kN वर. तुमचा खरा गुणांक १.५५ इतकाच उरतो.

म्हणून अशा ठिकाणी गुणांक ताणाला लावू नका. आधी भाराला गुणा, मग ताण काढा. आणि हे सूत्र आतल्या कडेला यील्ड सुरू होईपर्यंतच खरे; पुढे कडकपणा घटतो आणि बाक याहून झपाट्याने वाढतो.