मदत हवी आहे: 'मी वावर इकून रायलो' म्हणजे शेत विकलं की नाही?

प्राची_म
काकूंनी व्हॉइस नोट पाठवली आहे. त्यातलं एक वाक्य प्रमाण मराठीत लिहून हवं आहे आणि ते आजच हवं आहे. वाक्य असं: "मी वावर इकून रायलो." माझा भाऊ म्हणतो, शेत विकून मोकळा झाला. वहिनी म्हणते, अजून विकलेलं नाही. भाऊ परदेशात आहे. मी लिहून पाठवलं की तो ते इंग्रजीत करून तिथल्या वकिलाला दाखवणार आहे. बोलीच्या गोडव्याबद्दल नको, फक्त अर्थ सांगा.

निवांत
गाव कुठलं? आणि काकू बोलत असतील तर "रायलो" कसं? बाई "रायली" म्हणेल ना.

प्राची_म
मलकापूरच्या बाजूचं गाव. बोलतात काकूच, पण विषय चुलतभावाचा आहे. याने अर्थात काय फरक पडतो?

तापीकाठ
मलकापूर म्हणजे खानदेशाला लागूनच. ही अहिराणी आहे. "मले, तुले" असं येतंय का बघा, आलं की समजा अहिराणीच. अहिराणीत "राहणे" लावलं की काम चालू असतं.

पूर्णेकडचा
तापीकाठ, अर्थ बरोबर सांगितलात, पण बोली चुकली. "मले, तुले" आम्हा वऱ्हाड्यांचंही आहे, त्यावरून ठरत नाही. अहिराणीत "करी ऱ्हायना" होतं. "करून रायला", "इकून रायलो" हे वऱ्हाडी.

प्राचीताई, एका वाक्यावर वकिलाला काही पाठवू नका. आधीची आणि नंतरची वाक्यं जशी ऐकू येतात तशीच टाइप करा. शुद्धलेखन करत बसू नका. "मी" आहे की "म्या" आहे, "त्यानं" आहे की "थो" आहे, हे तर अजिबात बदलू नका. सगळा निकाल तिथेच लागतो.

ऑडिओप्रेमी
व्हॉइस नोट .opus प्रकारची असते. ती mp3 करून घ्या, म्हणजे कुठेही वाजते. कन्व्हर्टर बरेच आहेत, मी सांगू शकतो.

प्राची_म
वाजतेय हो, न वाजण्याचा प्रश्नच नाही. हे घ्या सगळं. मागे मोटारीचा आवाज आहे.

"थो आला होता काल. मले म्हने का मी वावर इकून रायलो, माया वाटचं. थे कायं, धुऱ्याच्या अलीकडचं. म्या म्हतलं, मोठ्या बाबाले इचारलं का? तं म्हने तूच इचारजो. इचार घेतला नाई म्हने आजूक. तू दादाले सांगजो."

"थे काय" हा प्रश्न आहे का? आणि "इचारजो" मधला जो कोण?

पूर्णेकडचा
आता बोलता येईल.

पुण्या-मुंबईकडे "विकून" ऐकलं की काम संपलं असं वाटतं, तुमच्या भावाचं तेच झालं. वऱ्हाडीत "-ऊन रायला" म्हणजे काम चालू आहे. "थो जेवून रायला" म्हणजे तो जेवतो आहे, ताटावरून उठलेला नाही. खूण कर्त्यात सापडते. विकून झालं असतं तर "म्या वावर इकलं" किंवा "इकून टाकलं" आलं असतं, आणि दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर "त्यानं इकलं". इथे "मी" आहे आणि क्रियापद त्या "मी"च्या मागे जातंय. काकूंनी स्वतःबद्दल सांगताना "म्या म्हतलं" म्हटलंय, कारण ते सांगून झालेलं आहे. एकाच नोटमध्ये दोन्ही रूपं आलीत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात हा फरक जिवंत आहे हेही कळतं.

निवांतनी विचारलं ते महत्त्वाचं होतं. "म्हने का" म्हणजे "म्हणाला की". पुढचं "मी" चुलतभावाचं, म्हणून "रायलो". इंग्रजी करताना हे अवतरणात ठेवा, नाहीतर वकिलाला वाटेल काकूच शेत विकताहेत.

"कायं" हा प्रश्न नाही. तिकडे ळ चा य होतो. कायं वावर म्हणजे काळ्या मातीचं शेत. धुरा म्हणजे बांध. "इचारजो" मधला जो कुणी माणूस नाही, तो सवडीने करायची आज्ञा आहे: नंतर विचार. "सांगजो" तसंच.

मालवणकर७
माझ्या आजीच्याही मालवणी व्हॉइस नोट्स आहेत, चाळीसेक असतील. कुणी लिहून देईल का? भाषा वेगळी आहे पण काम हेच.

निवांत
वेगळा धागा काढा, इथे हरवेल. डेक्कन कॉलेजच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात ध्वनिमुद्रणं ऐकायला ठेवली आहेत. आधी आपल्या भागातली ऐकून कान बसवा.

प्राची_म
मोठे बाबा म्हणजे आजोबा ना? ते तर नाहीत आता.

पूर्णेकडचा
आजोबा नाही. वडिलांचे थोरले भाऊ. पण काकू हे नातं चुलतभावाच्या बाजूने मोजून बोलताहेत. त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ कोण?

प्राची_म
आमचे बाबाच! म्हणजे बाबांना अजून विचारलेलंच नाही?

पूर्णेकडचा
थांबा, इथे मला शंका आहे. तुम्ही "इचार घेतला नाई" लिहिलंय. ते "इसार" आहे का? इचार असेल तर घरच्यांचा सल्ला घेतला नाही. इसार असेल तर गिऱ्हाइकाकडून बयाण्याची रक्कम घेतलेली नाही. दोन्ही वाक्यं तिथे शोभतात आणि दोन्हींचा अर्थ पार वेगळा.

ऑडिओप्रेमी
नोट व्हीएलसीत उघडून वेग पाऊणपट करा, हेडफोन लावून ऐका. स स्पष्ट सळसळतो, च ला आधी जीभ अडते. मोटारीच्या आवाजात ते अडणं बुडू शकतं, पण एकदा बघाच.

प्राची_म
ऐकलं तसं. मला आता इसार वाटतंय, वहिनीला इचारच वाटतंय.

तापीकाठ
कशाला कीस पाडता? सातबारा काढा ऑनलाइन, विकलं असेल तर नाव बदललेलं दिसेल.

पूर्णेकडचा
सातबारा बघाच, पण त्यावर विसंबू नका. खरेदीखत नोंदलं तरी फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर जुनंच नाव दिसतं. आणि नुसता इसार दिला-घेतला असेल तर तिथे काहीच दिसणार नाही. "इकून रायलो" वरूनही सौदा कुठवर आलाय ते कळत नाही. गिऱ्हाईक शोधतोय तेव्हाही माणूस हेच म्हणतो आणि भाव ठरल्यावरही हेच.

प्राची_म
काकूंचा फोन लागत नाहीये. भावाला आत्ता काय पाठवू?

पूर्णेकडचा
हे पाठवा:

"तो काल आला होता. मला म्हणाला, 'मी माझ्या वाट्याचं शेत विकतो आहे. ते काळ्या मातीचं, बांधाच्या अलीकडचं.' मी म्हटलं, मोठ्या बाबांना (आपल्या वडिलांना) विचारलं का? तर म्हणाला, तूच विचार. अजून [इसार किंवा विचार, शब्द अस्पष्ट] घेतला नाही, असं तो म्हणाला. तू दादाला सांग."

कंसातला पर्याय पुसून एकच शब्द ठेवू नका. सोबत मूळ नोटही द्या. फोन लागला की काकूंना "इसार म्हणालात का" असं विचारू नका, त्या हो म्हणून मोकळ्या होतील. "त्यानं कोणाकडून पैसे घेतले का?" एवढंच विचारा.

निवांत
आणि "आपल्या वडिलांना" हे तुमचं घातलेलं आहे, काकूंचं नाही, हे भावाला वेगळं कळवा. मी वकील असतो तर आधी तेच विचारलं असतं.

प्राची_म
पाठवलं. भाऊ म्हणतो, नुसतं "विकतो आहे" लिहून भागेल ना, कंस कशाला. मी कंस ठेवलाय. काकूंचा फोन अजून बंदच आहे.