मदत हवी आहे: घरी पान्हा फुटतो, ऑफिसात पंपाला दूधच येत नाही

जुळे_सोलापूर_आई
मुलगी साडेचार महिन्यांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी बँकेत परत रुजू झाले. दुपारी दीडला रेकॉर्ड रूममध्ये इलेक्ट्रिक पंप लावते. कडी धड लागत नाही, म्हणून पाठ दाराला लावून बसते. पस्तीस मिनिटांत दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम २५ मिली. घरी मात्र ती अंगावर पिते तेव्हा गटगट आवाज येतो, दुसऱ्या बाजूने ब्लाउज भिजतो. गेल्या महिन्यात वजन ५५० ग्रॅम वाढलंय. सासूबाई म्हणतात दूध आटलं, अळिवाची खीर आणि शतावरी चालू आहे. खरंच आटलंय का?

औषधवाला_सातरस्ता
ताई, दूध तयार करणारं हार्मोन प्रोलॅक्टिन. ते कमी पडलं असणार. रात्री त्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नका. डॉम्पेरिडोनने ते वाढतं, बरेच डॉक्टर लिहून देतात.

कोबीची_पानं
मी मुलाला वर्षाचा झाल्यावर सोडवलं. एकदम बंद करू नका, गाठी होतात. आधी दुपारचं बंद करा.

जुळे_सोलापूर_आई
नाही हो, मला बंद करायचं नाहीये. उलट सुरू ठेवायचंय.

स्तनपान_सल्लागार
रात्रीच्या प्रोलॅक्टिनचं औषधवाले दादांचं म्हणणं बरोबर आहे. पण या ताईंच्या बाळाचं वजन वाढतंय, म्हणजे दूध बनतंय. अडतंय ते बाहेर येण्यात, आणि ते काम ऑक्सिटोसिनचं. दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन रक्तातून तिथे पोचलं की ती आवळते आणि दूध नळ्यांत ढकललं जातं. ही ढकल आली नाही तर पंप कितीही ओढू दे, नळ्यांत असलेलं थोडंसंच मिळतं. २५ मिली हे तसंच दिसतंय.

दोघांत एक फरक आहे. प्रोलॅक्टिन चोखणं सुरू झाल्यावर चढतं आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासाने शिखर गाठतं. ऑक्सिटोसिन मात्र बाळाच्या रडण्यानेही सुटतं, चोखायच्या आधीच. म्हणून तर ब्लाउज भिजतो. आणि दुखणं, लाज, कुणीतरी आत येईल ही धास्ती यांनी ते अडतंही. १९४८ साली न्यूटन दांपत्याने एका आईवर हे मोजलं. शांत असताना बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणं, गणितं विचारणं असा त्रास दिला तेव्हा ९९. तोच त्रास चालू ठेवून ऑक्सिटोसिन टोचलं तेव्हा १५३. दूध तेवढंच होतं, सुटत नव्हतं.

ताई, एक करून बघा. सकाळी ती डाव्या बाजूला पीत असताना उजव्या बाजूला पंप लावा आणि किती येतं ते सांगा. डॉम्पेरिडोन स्वतःहून अजिबात नको. ते हृदयाची लय बिघडवू शकतं, आणि पान्हा अडला असेल तर त्यावर त्याचा इलाज नाही.

मोहोळचा_शेतकरी
आमची म्हैस रेडकू गेल्यापासून पान्हा चोरायची. गवळी इंजेक्शन मारा म्हणाला. हेच का ते? ताईंना नाही का चालणार?

स्तनपान_सल्लागार
हार्मोन तेच. पण दुभत्या जनावरांना ते टोचणं गुन्हा आहे, आणि ताईंनीही मनाने घ्यायचं नाही. तुमच्या म्हशीचं पुढे काय झालं?

मोहोळचा_शेतकरी
नाही मारलं. आईने रोज त्याच वेळी आंबोण पुढे ठेवून, कोमट पाण्याने कास धुऊन स्वतःच पिळायला सुरुवात केली. आठवड्याभरात ती बादलीचा आवाज ऐकूनच सोडायला लागली.

जुळे_सोलापूर_आई
आज सकाळी केलं. ती डावीकडे पीत होती, उजवीकडे दहा मिनिटांत ८० मिली! बाटली बघून मला रडू आलं. सासूबाईंनाही दाखवली.

स्तनपान_सल्लागार
मिळालं उत्तर. ऑक्सिटोसिन रक्तातून दोन्हीकडे जातं, म्हणून बाळाने पान्हा फोडला आणि पंपाला आयता मिळाला. आता दादांच्या आईंनी केलं तेच ऑफिसात करायचं. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, आधी ऊबदार फडकं आणि हलका मसाज, नाकाशी तिचं झबलं. पहिली दोन मिनिटं पंप भरभर आणि हलका, धार लागली की सावकाश आणि खोल. पान्हा एकदाच येतो असं नाही. धार थांबली तर पुन्हा भरभर करा, दुसरा येऊ शकतो. बाटलीवर मोजा घाला, आकड्याकडे बघत बसू नका.

हे लांबवू नका मात्र. दूध रोज आत साचून राहिलं तर स्तन स्वतःच बनवणं कमी करतो, आणि मग सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल. पंपाने उरलेलं हाताने पिळून काढा.

औषधवाला_सातरस्ता
पण प्रोलॅक्टिन एकदा तपासायला काय हरकत आहे?

स्तनपान_सल्लागार
पाजल्याबरोबर ते चढतं-उतरतं, आणि काही महिन्यांनी मुळातच खाली येतं तरी दूध चालू राहतं. एका आकड्यावरून इथे काही कळणार नाही.

जुळे_सोलापूर_आई
सहा दिवसांनी लिहितेय. मॅनेजर मॅडमना सांगून कडी दुरुस्त करून घेतली. तीन दिवस ६० च्या वर आलं. काल महिनाअखेर होती, बाहेरून दोनदा हाक आली, पुन्हा ३०. तिच्या रडण्याचं रेकॉर्डिंग लावलं तर धार येते, पण माझाच जीव कासावीस होतो. ते लावू की नुसतं झबलं पुरे? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?