नॉर्मल सी-पेप्टाइड आणि टाइप 2

"वय 38, वजन 58 किलो, फास्टिंग शुगर 190. सी-पेप्टाइड 1.4 म्हणजे नॉर्मल आलंय, पण गॅड अँटीबॉडी पॉझिटिव्ह. मग टाइप 2च ना?"

नाही, उलट गॅड ही इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्धची अँटीबॉडी, ती पॉझिटिव्ह आल्यामुळे हळू येणाऱ्या टाइप 1चा, म्हणजे लाडा नावाच्या प्रकाराचा संशय वाढतो. (नाव लाडाचं, आजार कसला लाडाचा!) लॅबची रेंज डायबेटिस नसलेल्यांची असते. 190 शुगर असताना धडधाकट स्वादुपिंडाने भरपूर इन्सुलिन सोडायला हवं, त्यामुळे इन्सुलिनसोबतच सुटणारं सी-पेप्टाइड पण बरंच वर जायला हवं, तेव्हा 1.4 हे कमीच पडतंय. म्हणूनच हा आकडा त्याच वेळच्या शुगरशी लावून बघायचा.

लाडामध्ये सी-पेप्टाइड साधारण 0.9 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर इन्सुलिन लागतंच, 2.1 च्या वर टाइप 2 सारखं चालवतात, तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. इथे दर सहा महिन्यांनी टेस्ट रिपीट करतात, आकडा घसरत गेला की चित्र स्पष्ट. मात्र शुगर खूप चढलेली असली तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तात्पुरत्या थकतात आणि टाइप 2 वाल्याचंही सी-पेप्टाइड खोटं कमी येतं, किडनी खराब असेल तर खोटं जास्त.

गॅडचा आकडा किती आलाय ते बघा, अगदी काठावर असेल तर फॉल्स पॉझिटिव्ह असू शकतो, मग आयए-2 आणि झिंक ट्रान्सपोर्टर 8 अँटीबॉडी करून घेतात.

आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी त्याबद्दल विचारा, लाडामध्ये ते टाळतात. डापाग्लिफ्लोझिनच्या गोळीबद्दलही विचारा, त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन्स ही घातक आम्लं चढू शकतात. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.