पत्राचा शेवट बदलला की माणूस बदलतो का? अनुभव लिहा

सुमेधा_क
माळ्यावरची अंतर्देशीय पत्रं चाळली. एकाच काकांची: आधी नुसतं 'कळावे', मग 'लोभ असावा', पुढे 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा'. आता कुणाचा मेसेज 'ओके'वरून 'काळजी घे गं'वर आला, तर त्याला तेवढंच वजन द्यायचं का?

मोडीप्रेमी
'लोभ असावा' ही रीत होती, तिच्यात एवढं शोधू नका. पेशवाईतल्या पत्रांचा शेवट नातं आणि दर्जा बघून ठरायचा. बरोबरीच्याला 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती', वरच्याला 'हे विज्ञापना'. 'हे आशीर्वाद' आलं की लिहिणारा वयाने किंवा मानाने वरचा. म्हणून त्याच माणसाला 'विज्ञापना'ऐवजी 'विनंती' गेली, तर बहुधा दर्जा बदललेला असतो, माया वाढलेली नसते.
खरी माया हस्ताक्षरात सापडते. मजकूर कारकुनाचा असायचा आणि कधी कधी धनी शेवटी स्वतःच्या हाताने दोन ओळी घालायचा. 'लेखनसीमा'ची मोर्तब उठली की मजकूर संपला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर तिथे 'मर्यादेयं विराजते' दिसतं. मोर्तब सगळ्यांना सारखीच, हाताच्या ओळी मात्र तुमच्यासाठी.

बंड्या७७
सही बदलली तर बँकेत काय करायचं? चेक परत आलाय.

सुमेधा_क
बंड्या, सही नाही रे, शेवटची ओळ 😄 बँकेत ओळखपत्र घेऊन जा आणि नवीन नमुना सही दे.

ऑफिसातली_वर्षा
मोडीप्रेमींचं इमेलला तंतोतंत लागू पडतं. शेवटी `--` अशी ओळ दिसली की तिच्याखालचं सगळं मशीनने चिकटवलेलं. तिथे 'सस्नेह' असेल तर ते सेटिंगमध्ये एकदा लिहिलंय आणि सगळ्यांना जातंय. `--`च्या वर असेल तर बहुतेक हाताने टाइप केलेलं.

निखिल_पुणेकर
सोपं आहे. उत्तरांना सिग्नेचर लागत नाही, त्यामुळे उत्तरात गोड शेवट आला तर तो मनापासूनचाच.

ऑफिसातली_वर्षा
अर्धं बरोबर. जीमेलमध्ये नवीन मेलची आणि उत्तराची सिग्नेचर वेगवेगळी निवडता येते, पण उत्तरालाही लावता येतेच. `--` काढून टाकायचा पर्यायही आहे, मग वरचं-खालचं कळत नाही. शिवाय फोनवरच्या जीमेलची मोबाइल सिग्नेचर निराळी असते. म्हणजे माणूस तोच, पण लॅपटॉपवरून 'आपला विश्वासू' आणि फोनवरून 'लवकरच भेटू'. आधी बघा, बदल संध्याकाळच्याच मेलना आहे का. मग जुने मेल काढा:

```
from:(समोरच्याचा पत्ता) before:2023/01/01
```

पाच-सहा मेलच्या शेवटच्या ओळी वाचल्या की त्याची नेहमीची रीत कळते. ती माहीत नसताना एकट्या मेलवरून काहीच ठरत नाही. आणि तुम्ही स्वतः कधी 'सस्नेह' लिहायला लागलात तेही बघा. तुमच्यानंतर आठवड्याभरात त्याचं आलं असेल तर तो तुमचाच प्रतिध्वनी.

गोव्याची_शेवंती
आमची जाऊ एकदम 'बाळा' लिहायला लागलीय. 'जेवलीस का बाळा', 'येते बाळा'. माझं वय बावन्न. हसू की घाबरू?

ऑफिसातली_वर्षा
शेवंतीताई, त्या चॅटमध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून 'शोधा', तिथे 'बाळा' टाका आणि बाणाने सर्वात जुन्यापर्यंत जा. ती तारीख घ्या, मग घरच्या ग्रुपमध्येही हेच करा. सगळ्यांना बाळा म्हणत असतील तर नवी सवय, किंवा कीबोर्ड 'काळजी घे'पुढे तोच शब्द सुचवतोय. फक्त तुम्हालाच येत असेल तर त्या दिवसाच्या आसपास काय घडलं ते आठवा. आणि प्रत्येक 'बाळा'नंतर दोन मेसेजांत काही काम निघतं का?

गोव्याची_शेवंती
बघितलं! ग्रुपमध्ये एकदाही नाही. चतुर्थीनंतर सुरू झालंय. काम एकदाच निघालं, नेवऱ्यांचं प्रमाण विचारलं तिने.

मोडीप्रेमी
मग ही हाताची ओळ.

निखिल_पुणेकर
किंवा नेवऱ्यांची. पुढच्या चतुर्थीपर्यंत टिकतंय का बघा.

माई_सांगली
उलटं कुणी लिहीत नाही. 'काळजी घे' लिहिणाऱ्याचं अचानक नुसतं 'बरं' येतं, त्याचं काय? घरात आजारपण असलं की माणूस आधी शेवटच गाळतो. अशा वेळी शब्द मोजत बसू नये, फोन लावावा.

सुमेधा_क
माई, पटलं. पण फोन न उचलणाऱ्यांचं काय करायचं?

बंड्या७७
बँकवाले दोन फोटो पण मागतायत. आणि शेवंतीताई, ते नेवऱ्यांचं प्रमाण इथेही टाका.

गोव्याची_शेवंती
रात्री टाकते. आता नळाला पाणी आलंय.